परतावा-धोरण (ऑनलाइन दुकानाचे)

परतावा-धोरण : विकलेला माल दुकानदार कोणत्या कारणाने, किती दिवसांत आणि कोणाच्या खर्चाने परत घेईल, आणि ग्राहकाला नेमके किती पैसे, कोणत्या मार्गाने परत मिळतील, हे सांगणारे दुकानाच्या संकेतस्थळावरील पान. भारतात स्वतःच्या संकेतस्थळावरून नियमित विक्री करणाऱ्या छोट्या दुकानालाही ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, 2020 लागू होतात. माल परत घेणे, बदलून देणे, पैसे परत करणे आणि परतीच्या पाठवणावळीचा भार यांची माहिती ग्राहकाला ठळकपणे देणे या नियमांनी बंधनकारक केले आहे.

पेठेतल्या बिलावर वर्षानुवर्षे छापले जाणारे ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हे वाक्य ऑनलाइन दुकानाच्या पानावर तसेच उतरवले की गोंधळ सुरू होतो. माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत दाखवल्यासारखा नसेल किंवा कबूल केलेल्या तारखेनंतर पोचला असेल, तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. उशिराच्या बाबतीत आटोक्याबाहेरच्या आपत्तीचा अपवाद तेवढा आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार सदोष माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत देण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. यासाठीची मुदत बिलावर असेल ती, आणि बिलावर काहीच नसेल तर तीस दिवस. ग्राहकाचे नुसते मन बदलले असेल, तर मात्र माल परत घ्यायचा की नाही हे दुकानदाराने ठरवायचे. पान लिहिताना या दोन गोष्टी दोन वेगळ्या मथळ्यांखाली ठेवाव्यात. दोन्हींसाठी एकच नियम लिहिला, तर तो एका बाजूला बेकायदा तरी होतो किंवा दुसऱ्या बाजूला दुकानाला परवडत नाही.

दोष कशाला म्हणायचे. इरकली साड्या विकणाऱ्या दुकानाचे उदाहरण घेऊ. इरकलीचा पदर आणि अंग यांचे ताणे वेगवेगळे असतात आणि मागावरच फासे घालून ते एकमेकांत गुंतवलेले असतात. या पद्धतीला ‘टोप तेणी’ म्हणतात. पहिल्यांदाच इरकल घेणाऱ्या बाईला तो सांधा उसवल्यासारखा वाटू शकतो, आणि ‘साडी जोडलेली आहे’ अशी तक्रार येते. हातमागावर धाग्याची एखादी गाठ किंवा काठाच्या रुंदीत किंचित फरकही येतोच. हे दोष नव्हेत, असे पानावर लिहावे आणि शेजारी सांध्याचा जवळून काढलेला फोटो द्यावा. उलट भोक, डाग, तुटलेला काठ, कमी भरलेली लांबी, कबूल केलेला ब्लाउजपीस नसणे किंवा रेशीम म्हणून कृत्रिम धागा निघणे हे दोष आहेत. रंगाची बाब यापेक्षा अवघड. ‘स्क्रीनवरील रंगात फरक पडू शकतो’ हे वाक्य थोड्या छटाभेदापुरते चालते. मोरपंखी दाखवून हिरवी पाठवली, तर तो जाहिरातीपेक्षा वेगळा माल ठरतो आणि त्या वाक्याचा आधार घेता येत नाही.

मन बदलून परत येणाऱ्या साडीची अट साधी असावी: घडी मोडून पाहायला हरकत नाही, पण साडी नेसलेली किंवा धुतलेली नसावी आणि फॉल-पिको केलेले नसावे. ग्राहकाने सांगितल्यावरून दुकानानेच फॉल लावून दिला असेल, तर अशी साडी केवळ आवडली नाही म्हणून परत घेतली जाणार नाही, हे फॉलचा पर्याय निवडतानाच दिसायला हवे.

पार्सल उघडतानाचा व्हिडिओ सक्तीचा करण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे. पुरावा म्हणून तो मागायला हरकत नाही. पण ‘व्हिडिओ नसेल तर कोणतीही तक्रार ऐकली जाणार नाही’ या वाक्याने कायद्याने दिलेला हक्क संपत नाही. ‘व्हिडिओ असल्यास निर्णय लवकर होतो, नसल्यास फोटो पाठवा’ असे लिहिणे अधिक खरे आणि अधिक उपयोगाचे.

दिवस कुठून मोजायचे. ‘सात दिवसांत परत करा’ हे वाक्य अपुरे आहे. सात दिवस ऑर्डरपासून की साडी हातात पडल्यापासून? आणि त्या सात दिवसांत फक्त कळवायचे, की साडी दुकानात पोचायला हवी? गडचिरोलीहून पुण्याला कुरिअर किती दिवसांत येईल हे ग्राहकाच्या हातात नसते. म्हणून ‘साडी मिळाल्यापासून सात दिवसांत आम्हाला व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलने कळवा, कळवल्यापासून पाच दिवसांत पार्सल कुरिअरकडे द्या’ असे दोन टप्पे लिहावेत. पैशाच्या मुदतीचेही दोन भाग करावेत: दुकान रक्कम कधी पाठवते, आणि ती खात्यात दिसायला बँकेला साधारण किती दिवस लागतात. हे एकत्र लिहिले, की बँकेच्या उशिराचा फोन दुकानाला येतो.

किती पैसे. बहुतेक वाद इथे होतात, कारण पानावर ‘पूर्ण परतावा’ असे मोघम लिहिलेले असते. समजा, दुकानात 3,000 रुपयांवरच्या खरेदीला 10 टक्के सूट आहे आणि घरपोच पाठवणे मोफत आहे. एका बाईंनी 2,400 आणि 1,600 रुपयांच्या दोन साड्या घेतल्या. बेरीज 4,000, सूट 400, भरले 3,600. नंतर 1,600 ची साडी परत आली आणि परतीच्या कुरिअरला दुकानाचे 110 रुपये लागले.

साडीत भोक असेल, तर त्या साडीसाठी प्रत्यक्षात भरलेले 1,440 रुपये पूर्ण द्यावेत, कुरिअरचे 110 त्यातून कापू नयेत. दोष दुकानाचा, म्हणून उरलेल्या साडीवरची सूट काढून घेऊ नये. पेमेंट गेटवेचे शुल्क परतावा केला तरी सहसा दुकानाला परत मिळत नाही. तेही ग्राहकाच्या रकमेतून कापू नये.

साडी नुसतीच आवडली नसेल, तर हिशेब बदलू शकतो. उरलेली खरेदी 2,400 ची, म्हणजे सुटीच्या मर्यादेखाली. त्यामुळे सूट रद्द धरली तर 3,600 मधून 2,400 वजा जाऊन 1,200 उरतात, आणि कुरिअर ग्राहकाचे असल्यास 1,090. साडी तीच, पण हाती येणाऱ्या रकमेत 350 रुपयांचे अंतर. असे करणारच असाल, तर हे उदाहरण आकड्यांसकट पानावर छापावे. ते छापायला संकोच वाटत असेल, तर मन बदललेल्या ग्राहकालाही 1,440 मधून फक्त कुरिअर कापून 1,330 देण्याचा नियम ठेवावा. भांडणात जाणाऱ्या वेळेपेक्षा तो स्वस्त पडतो.

पैसे ज्या मार्गाने आले त्याच मार्गाने परत जावेत. सदोष मालाबद्दल पैशांऐवजी फक्त पुढच्या खरेदीचे कूपन देणे योग्य नाही. ग्राहकाने आपणहून निवडले तर गोष्ट वेगळी. माल हाती पडल्यावर रोख दिली असेल, तर ग्राहकाकडून यूपीआय आयडी किंवा खाते क्रमांक घ्यावा लागतो. पानावर ही माहिती मागणाऱ्या ओळीखाली ‘पैसे घेण्यासाठी पिन किंवा ओटीपी लागत नाही, आम्ही तो कधीच मागत नाही’ असे लिहून ठेवावे, कारण परताव्याच्या नावाखाली फसवणारे नेमके हेच मागतात.

तक्रार. पानाच्या तळाशी तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव, पद आणि संपर्क द्यावा लागतो. घरच्या घरी चालणाऱ्या दुकानात हे नाव बहुधा मालकिणीचेच असते. तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आणि एका महिन्याच्या आत ती निकालात काढायची, असा नियम आहे.

तारीख. धोरण कधीपासून लागू आहे ते पानावर लिहावे आणि बदल केला तरी जुनी प्रत जपून ठेवावी. दिवाळीच्या आधी सातचे तीन दिवस केले, तरी त्यापूर्वी ऑर्डर दिलेल्या ग्राहकाला सातच दिवस मिळतात.