रेषीय फलाच्या सीमेची एप्सिलॉन-डेल्टा सिद्धता

रेषीय फलाच्या सीमेची एप्सिलॉन-डेल्टा सिद्धता म्हणजे f(x) = mx + c या रूपातील फलाची एखाद्या बिंदूपाशी असलेली सीमा, सीमेच्या औपचारिक व्याख्येवरून थेट सिद्ध करण्याची पद्धत होय. x च्या जागी a ठेवून ma + c हे उत्तर लगेच मिळते. परंतु अशा रीतीने मिळालेले उत्तर ही सिद्धता नव्हे. सीमेची व्याख्या फलाच्या a या बिंदूवरील किमतीविषयी काहीच सांगत नाही. ती a च्या जवळच्या, पण a हून वेगळ्या बिंदूंविषयी बोलते. या लेखात f(x) = 3x − 5 या फलाची x → 4 असतानाची सीमा 7 आहे, याची सिद्धता ओळीने दिली असून प्रत्येक ओळीमागचे कारण स्पष्ट केले आहे.

## व्याख्या

समजा f हे फल a या बिंदूच्या आसपास, कदाचित a हा बिंदू वगळून, व्याख्यित आहे. प्रत्येक धन संख्या ε साठी जर अशी एखादी धन संख्या δ मिळत असेल की,

0 < |x − a| < δ असलेल्या प्रत्येक x साठी |f(x) − L| < ε,

तर x हा a कडे जात असताना f(x) ची सीमा L आहे असे म्हणतात.

|x − a| हे x आणि a यांमधील अंतर आहे, तर |f(x) − L| हे फलाची किंमत आणि सीमा यांमधील अंतर आहे. ε ही फलाच्या किमतीत चालू शकणारी तफावत होय. ती बाहेरून दिली जाते आणि तिच्यावर सिद्धता लिहिणाऱ्याचे नियंत्रण नसते. δ मात्र सिद्धता लिहिणाऱ्याने निवडायची असते. ε आधी आणि δ नंतर येत असल्यामुळे δ ही ε वर अवलंबून असू शकते. X हा त्याहीनंतर येत असल्यामुळे δ ही x वर अवलंबून असू शकत नाही. सिद्धतेतील ओळींचा क्रम याच क्रमावरून ठरतो.

## पूर्वतयारी: δ चा शोध

सिद्धतेच्या दुसऱ्याच ओळीत δ ची किंमत लिहावी लागते. ती कोठून आली हे तयार सिद्धतेत दिसत नाही, कारण तिचा शोध आधी कच्च्या कामात घेतलेला असतो. या कामात शेवटाकडून सुरुवातीकडे जातात. आपल्याला |f(x) − 7| < ε हवे आहे. डावी बाजू सोपी केल्यास

|f(x) − 7| = |3x − 5 − 7| = |3x − 12| = 3|x − 4|

असे मिळते. म्हणजेच फलाच्या किमतीतील तफावत ही x च्या तफावतीच्या बरोबर तिप्पट असते. 3|x − 4| ही राशी ε पेक्षा लहान ठेवायची असेल, तर |x − 4| ही राशी ε/3 पेक्षा लहान हवी. म्हणून δ = ε/3 ही निवड सुचते. येथे फक्त δ सापडली आहे. सिद्धता अद्याप लिहिलेली नाही.

## सिद्धता

विधान: x → 4 असताना f(x) = 3x − 5 या फलाची सीमा 7 आहे.

१. समजा ε ही कोणतीही धन वास्तव संख्या आहे.

२. δ = ε/3 घेऊ. ε > 0 असल्याने δ > 0.

३. समजा x ही 0 < |x − 4| < δ ही अट पूर्ण करणारी कोणतीही वास्तव संख्या आहे.

४. मग |f(x) − 7| = |(3x − 5) − 7| = |3x − 12|

५. = |3(x − 4)| = 3|x − 4|

६. < 3δ

७. = 3 × (ε/3) = ε.

८. म्हणजे 0 < |x − 4| < δ असलेल्या प्रत्येक x साठी |f(x) − 7| < ε. ε ही कोणतीही धन संख्या असल्याने, व्याख्येनुसार x → 4 असताना f(x) ची सीमा 7 आहे. हेच सिद्ध करायचे होते.

## ओळींचे स्पष्टीकरण

ओळ १. व्याख्येतील ‘प्रत्येक ε साठी’ या शब्दांची पूर्तता येथे होते. ε विषयी ती धन आहे याखेरीज काहीही गृहीत धरलेले नाही, म्हणूनच पुढील युक्तिवाद सर्व धन संख्यांना लागू पडतो. येथे ε = 0.1 अशी ठरावीक किंमत घेतल्यास केवळ त्याच एका तफावतीपुरती पडताळणी होते.

ओळ २. व्याख्येत अशी δ ‘मिळते’ एवढेच म्हटले आहे. ती मिळते हे दाखवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे ती लिहून देणे. δ धन असणे हा व्याख्येचाच भाग असल्याने तसे स्वतंत्रपणे नोंदवावे लागते.

ओळ ३. येथे x विषयीचे गृहीतक येते. x हा अंतरालातील कोणताही बिंदू असू शकतो. तो 4 च्या डावीकडे आहे की उजवीकडे, याने युक्तिवादात फरक पडत नाही, कारण केवलमूल्य दोन्ही बाजूंचे अंतर एकाच रीतीने मोजते.

ओळी ४ व ५. या दोन ओळींत केवळ समानता आहेत. पाचव्या ओळीत |pq| = |p||q| हा केवलमूल्याचा गुणधर्म वापरला आहे. या बीजगणिताचा उद्देश एकच आहे: ज्या |x − 4| या राशीविषयी आपल्याला माहिती आहे, ती राशी पदावलीतून मोकळी करणे.

ओळ ६. संपूर्ण सिद्धतेत असमानता येथेच एकदा येते आणि तिसऱ्या ओळीतील गृहीतकही येथेच वापरले जाते. |x − 4| < δ या असमानतेच्या दोन्ही बाजूंना 3 ने गुणले आहे. 3 धन असल्यामुळे असमानतेची दिशा बदलत नाही.

ओळ ७. δ ची निवड येथे उपयोगी पडते. ओळी ४ ते ७ सलग वाचल्यास समानता, समानता, लहान, समानता अशी साखळी तयार होते आणि तीतून |f(x) − 7| < ε हा निष्कर्ष निघतो.

या सिद्धतेत 0 < |x − 4| हा अटीचा डावा भाग कोठेही वापरलेला नाही. x = 4 असतानाही |f(4) − 7| = 0 ही राशी ε पेक्षा लहानच असते, म्हणून हीच सिद्धता f हे फल x = 4 येथे संतत असल्याचेही दाखवते. याउलट g(x) = (3x² − 17x + 20)/(x − 4) हे फल x = 4 येथे व्याख्यितच नाही. अंशाचे अवयव (3x − 5)(x − 4) असे पडतात, म्हणून x हा 4 हून वेगळा असताना g(x) = 3x − 5 होते. येथे x − 4 ने भागण्याची मुभा 0 < |x − 4| या भागामुळेच मिळते. त्यापुढील सिद्धता वरीलप्रमाणेच असून सीमा पुन्हा 7 येते.

## संख्यांद्वारे पडताळणी

समजा ε = 0.06 आहे. मग δ = 0.02 येते. x हा 3.98 आणि 4.02 यांच्या दरम्यान असल्यास f(x) ची किंमत 6.94 आणि 7.06 यांच्या दरम्यान राहते, म्हणजे 7 पासूनचे अंतर 0.06 पेक्षा कमी असते.

δ = ε/2 अशी मोठी निवड केल्यास काय होते, हेही याच संख्यांवरून दिसते. आता δ = 0.03 होते आणि x = 4.025 हा बिंदू अटीत बसतो, पण f(4.025) = 7.075 असून 7 पासूनचे अंतर 0.075 आहे. ते ε पेक्षा जास्त असल्याने ही निवड अपुरी ठरते. ε/3 पेक्षा लहान असलेली कोणतीही धन δ मात्र चालते. व्याख्येला सर्वांत मोठी δ नको असते. चालणारी एक δ पुरेशी असते.

सीमा चुकीची गृहीत धरल्यास कोणतीच δ चालत नाही. समजा 7 ऐवजी 8 ही सीमा मानली आणि ε = 1/2 घेतली. x हा 4 पासून 1/6 पेक्षा कमी अंतरावर असताना f(x) ची किंमत 7.5 पेक्षा कमी असते, म्हणजे 8 पासून 1/2 पेक्षा जास्त दूर असते. δ कितीही लहान घेतली तरी असे बिंदू तिच्या अंतरालात असतातच.

## सामान्य रूप

f(x) = mx + c आणि L = ma + c घेतल्यास |f(x) − L| = |m||x − a| येते. m शून्य नसेल, तर δ = ε/|m| ही निवड चालते. येथे केवलमूल्य आवश्यक आहे. उदाहरणार्थ, f(x) = 9 − 2x या फलासाठी x → 1 असताना δ = ε/2 घ्यावी लागते; δ = ε/(−2) लिहिल्यास δ ऋण होते आणि दुसरी ओळच चुकते.

m = 0 असल्यास फल अचल असते आणि ε/|m| ला अर्थ उरत नाही. तेव्हा |f(x) − L| = 0 < ε हे नेहमीच खरे असल्याने δ = 1 किंवा इतर कोणतीही धन संख्या घेता येते. δ = ε/(|m| + 1) घेतल्यास दोन्ही प्रकार एकाच सिद्धतेत बसतात.

## नेहमी होणाऱ्या चुका

सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे कच्चे कामच सिद्धता म्हणून लिहिणे. त्यात ‘|f(x) − 7| < ε, म्हणून |x − 4| < ε/3’ असा क्रम येतो. यात जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले जाते आणि व्यस्त विधान सिद्ध होते. रेषीय फलाच्या बाबतीत सर्व पायऱ्या उलट दिशेनेही खऱ्या असल्यामुळे उत्तरावर परिणाम होत नाही व चूक लपून राहते. सिद्धतेची दिशा तपासण्यासाठी |f(x) − 7| < ε हे विधान गृहीतक म्हणून आले आहे की निष्कर्ष म्हणून, एवढे पाहावे.

दुसरी चूक δ मध्ये x येऊ देण्याची. रेषीय फलात |x − a| चा गुणक |m| हा अचल असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. मात्र x² या फलाची x → 3 असतानाची सीमा 9 आहे हे दाखवताना |x² − 9| = |x + 3||x − 3| मिळते आणि δ = ε/|x + 3| लिहिण्याचा मोह होतो. ही निवड अमान्य आहे, कारण δ ठरते तेव्हा x आलेलाच नसतो. तेथे प्रथम |x − 3| < 1 अशी मर्यादा घालून |x + 3| < 7 मिळवतात आणि 1 व ε/7 यांपैकी लहान संख्या δ म्हणून घेतात.

## ऐतिहासिक संदर्भ

फ्रेंच गणितज्ञ ओग्युस्तँ-लुई कोशी यांनी १८२१ मधील आपल्या ग्रंथात सीमेच्या संकल्पनेवर विश्लेषणाची मांडणी केली. १८२३ मधील त्यांच्या लेखनातील एका सिद्धतेत ε आणि δ ही चिन्हे आढळतात. परंतु सीमेची त्यांची व्याख्या शब्दांतच होती. बर्नार्ड बोल्झानो यांनी १८१७ मध्येच सातत्याची असमानतेवर आधारित व्याख्या दिली होती. आज प्रचलित असलेल्या एप्सिलॉन-डेल्टा व्याख्येचे श्रेय प्रामुख्याने कार्ल वायरस्ट्रास यांच्या बर्लिन येथील व्याख्यानांना दिले जाते.