एबीएस आणि सीबीएस म्हणजे काय? ड्रम ब्रेकची सवय असेल तर कोणते बदल करायचे?

घरची जुनी १०० सीसीची बाइक चालवून शिकलेला मुलगा १६० सीसीची नवी गाडी घेतो. गाडीला पुढे डिस्क आणि एबीएस असतं, पण समोर कुत्रं आडवं आलं की त्याचा उजवा पाय आपोआप मागचा ब्रेक दाबतो आणि पुढच्या लिव्हरला हात लागतच नाही. म्हणजे ज्या ब्रेकसाठी जास्त पैसे मोजले, तो वापरलाच जात नाही.

१ एप्रिल २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपेक्षा मोठ्या दुचाकींना एबीएस, तर १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस किंवा एबीएस सक्तीचं झालं. त्यामुळे त्यानंतर घेतलेल्या पेट्रोल गाडीत या दोनपैकी एक सिस्टीम असतेच. दोघींचं काम मात्र वेगळं आहे.

पुढचा ब्रेक इतका महत्त्वाचा का?

ब्रेक लावला की गाडीचं वजन पुढे झुकतं. बस अचानक थांबली की आपण पुढे ढकलले जातो, तसंच. समजा गाडी आणि चालक मिळून २०० किलो आहेत आणि उभ्या गाडीत पुढच्या चाकावर ९५, मागच्यावर १०५ किलो भार आहे. जोरात ब्रेक लावल्यावर पुढच्या चाकावर साधारण १५० किलो भार येतो आणि मागे फक्त ५० किलो उरतो. भार कमी म्हणजे पकड कमी. मागचा ब्रेक कितीही दाबा, चाक लॉक होऊन घसरतं, पण गाडी लवकर थांबत नाही.

आकड्यांत बघूया. वेग ताशी ६० किमी, रस्ता कोरडा. फक्त मागचा ब्रेक नीट वापरला तर गाडी थांबायला साधारण ४० मीटर लागतात. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर साधारण २३ मीटर. म्हणजे दोन्ही ब्रेक वापरणारा जिथे पूर्ण थांबलेला असतो, तिथून फक्त मागचा ब्रेक दाबणारा अजून ताशी ३९ किमी वेगाने जात असतो. टायर, रस्ता आणि गाडीप्रमाणे हे आकडे थोडे बदलतील, पण फरक साधारण एवढाच राहतो. यात धोका दिसून हात लिव्हरवर जाईपर्यंतचं अंतर धरलेलं नाही. या वेगात एका सेकंदात गाडी जवळपास १७ मीटर पुढे जाते.

एबीएस काय करतं?

‘पुढचा ब्रेक मारला की पडतो’ हे आपण लहानपणापासून ऐकतो, आणि ते अगदीच खोटं नाही. पुढचं चाक लॉक झालं की हँडल वळवून उपयोग नसतो आणि गाडी क्षणात आडवी होते. एबीएस नेमकं हेच लॉक होणं टाळतं.

चाकाजवळ खाचा असलेली एक रिंग आणि एक सेन्सर असतो. चाक किती वेगाने फिरतंय हे सेन्सर सतत कंट्रोल युनिटला कळवतो. चाकाचा वेग एकदम पडायला लागला, म्हणजे ते लॉक व्हायच्या बेतात आलं, की युनिट ब्रेक ऑइलचा दाब क्षणभर कमी करतं. चाक पुन्हा फिरलं की दाब वाढवतं. हे एका सेकंदात अनेक वेळा होतं. तेव्हा लिव्हरमध्ये थरथर जाणवते. ती बिघाडाची खूण नाही, एबीएस काम करतंय एवढाच तिचा अर्थ.

सिंगल चॅनेल एबीएस फक्त पुढच्या चाकावर असतं, त्यामुळे अशा गाडीचं मागचं चाक लॉक होऊ शकतं. ड्युअल चॅनेलमध्ये दोन्ही चाकं सांभाळली जातात.

सीबीएस काय करतं?

सीबीएस म्हणजे कंबाइंड ब्रेकिंग सिस्टीम. स्कूटरचा डावा लिव्हर किंवा बाइकचा पायातला ब्रेक दाबला की मागच्या ब्रेकसोबत पुढचाही थोडा लागतो. साध्या ड्रमच्या गाडीत हे काम केबल आणि एका छोट्या जोडपट्टीवर चालतं. त्यात सेन्सर नाही, इलेक्ट्रॉनिक्स नाही.

म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, सीबीएस चाक लॉक होणं थांबवत नाही. ओल्या रस्त्यावर जोरात दाबलात तर गाडी घसरेल. दोन, डाव्या लिव्हरने पुढचा ब्रेक थोडाच लागतो. पूर्ण ताकद हवी असेल तर उजवा लिव्हरही दाबावा लागतो.

ड्रमच्या कोणत्या सवयी सोडायच्या?

*सोडून-सोडून ब्रेक मारणं.* चाक लॉक होऊ नये म्हणून ड्रमवाले ब्रेक दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात. एबीएस असेल तर सोडलेल्या प्रत्येक क्षणी गाडी फुकट पुढे जाते. लिव्हर दाबा आणि गाडी थांबेपर्यंत दाबूनच ठेवा, थरथर जाणवली तरी. सीबीएसच्या गाडीत मात्र चाक घसरलं तर लिव्हर थोडा सैल करावाच लागतो.

*चार बोटांनी खेचणं.* ड्रमच्या लिव्हरला बराच प्ले असतो आणि जोरही लागतो. डिस्कला बहुतेक वेळा दोन बोटं पुरतात. आधी हलकं दाबून वजन पुढे येऊ द्या, मग दाब वाढवत न्या. हे अर्ध्या-एक सेकंदात होतं.

*वळणात ब्रेक.* साधं एबीएस गाडी सरळ असतानाच पूर्ण भरवशाचं. गाडी झुकलेली असताना जोरात ब्रेक लावला तर ते पडण्यापासून वाचवेलच असं नाही. वेग वळणाआधी कमी करा.

सराव रिकाम्या, कोरड्या, सरळ जागेवर करा. ताशी २० किमीपासून सुरुवात करा आणि हात बसल्यावर ३०, मग ४० वर जा. नजर चाकावर नको, समोर दूर ठेवा. आणि आरसा बघा, कारण तुम्ही लवकर थांबाल, पण मागच्याकडे अजून ड्रमच असू शकतात.

कुठे मर्यादा, कुठे बिघाड?

खडी आणि सुट्या वाळूवर एबीएसमुळे थांबायचं अंतर वाढू शकतं. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर पकडच कमी असते. एबीएस गाडी सरळ ठेवायला मदत करतं, नसलेली पकड आणत नाही. गुळगुळीत टायरवरही तेच.

चावी फिरवल्यावर कन्सोलवर `ABS` दिवा लागतो आणि गाडी थोडी चालली की विझतो. चालत्या गाडीत तो लागून राहिला तर एबीएस बंद आहे. साधा ब्रेक लागतो, पण चाक लॉक होऊ शकतं. सेन्सरवर साचलेला चिखल किंवा उडालेला फ्यूज ही नेहमीची कारणं.

सीबीएसला दिवा नसतो, त्यामुळे हाताने तपासावं लागतं. स्कूटर मेन स्टँडवर लावा, कुणाला तरी मागून दाबून पुढचं चाक उचलायला सांगा. चाक फिरवा आणि फक्त डावा लिव्हर पूर्ण दाबा. पुढचं चाक अडलं पाहिजे. ते फिरतच राहिलं तर केबल सैल आहे. गॅरेजमध्ये फक्त मागचा ब्रेक टाइट केला की असं होतं. दोन्ही केबल एकत्र सेट करून घ्या.