किरण आला की किरण आली?

आज आपण नावांचा इतिहास पाहणार आहोत. सगळ्या नावांचा नाही, तर ज्या नावावरून बाई की पुरुष हे कळत नाही, अशा नावांचा. किरण हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. किरण मोरे हे क्रिकेटचे माजी यष्टिरक्षक आणि किरण बेदी या माजी पोलीस अधिकारी. बोलताना आपली अडचण होत नाही, कारण मराठीत क्रियापदच सांगतं: किरण आला किंवा किरण आली. अडचण येते ती कागदावर, कारण तिथे नाव एकटंच उभं असतं.

आपल्या पणजीच्या काळात ही अडचण फारशी नव्हती. तेव्हा नावाला शेपूट असायचं. काशी या एकाच शब्दापासून काशीबाई व्हायची आणि काशीनाथही. गंगेपासून गंगाबाई आणि गंगाराम, सखापासून सखूबाई आणि सखाराम. मूळ शब्द दोघांचा, आणि बाई, राव, राम, नाथ यांवरून ओळख पटायची.

पण सगळी नावं इतकी सरळ नव्हती. कृष्णा हे नाव पाहा. देव कृष्ण, पण गावात हाक मारतात ती कृष्णा अशीच, आणि कितीतरी पुरुषांचं नाव कागदावरही कृष्णा असंच असतं. दुसरीकडे कृष्णा ही आपली नदी, आणि महाभारतात द्रौपदीचंही एक नाव कृष्णा. म्हणून बायकांचंही नाव कृष्णा. मग जुन्या दप्तरात नुसतं कृष्णा दिसलं तर कसं ओळखायचं?

त्यासाठी जुन्या कारकुनांनी दोन नावांच्या मध्ये एक छोटा शब्द ठेवला होता. ‘कृष्णा बिन तुकाराम’ असं असेल तर तुकारामाचा मुलगा. ‘कृष्णा कोम तुकाराम’ असं असेल तर तुकारामाची बायको. काही ठिकाणी कोमच्या जागी ‘भ्र.’ लिहिलेलं सापडतं. ते भ्रतार या शब्दाचं लघुरूप, म्हणजे नवरा. घरातले जुने फेरफार किंवा सातबारा काढून बघा, ‘भ्र.’ अजून दिसेल. त्या काळी बाईची ओळख नवऱ्यावरून लिहिली जाई ही गोष्ट खरीच, पण त्या एका अक्षरामुळे जमिनीवर बाईचं नाव होतं हे आज आपल्याला कळतं. नक्कल करताना ते अक्षर गळलं, तर वाचणारा कृष्णाला पुरुषच समजेल आणि त्या घरातल्या बाईचा हक्क कागदावरून दिसेनासा होईल.

आता आजीच्या पिढीकडे येऊ. मुली शाळेत जाऊ लागल्या, तसं हजेरीपटावरच्या नावामागचं बाई सुटू लागलं. नवी नावंही आली: कमल, विमल, सुमन, कुसुम. तुमच्या गटातल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांची नावं आठवा, यातलं एखादं निघेलच. या नावांची गंमत त्यांच्या शेवटच्या अक्षरात आहे. संस्कृतातून आलेली पुरुषांची नावं बहुधा अशीच संपतात: राम, गणेश, विठ्ठल. बायकांची आ किंवा ई वर संपतात: सीता, लक्ष्मी. कमला, विमला यांतला शेवटचा आ मराठीत गळाला आणि कमल, विमल उरलं. त्यामुळे ही नावं दिसायला पुरुषांच्या नावांसारखी झाली. महाराष्ट्रात मात्र कुणाचा घोटाळा होत नव्हता. कमल म्हटलं की बाईच.

महाराष्ट्राची हद्द ओलांडली की चित्र बदलतं. मध्य प्रदेशाचे मुख्यमंत्री झालेले कमलनाथ पुरुष. बंगालचे प्रसिद्ध चित्रपट दिग्दर्शक बिमल रॉय, म्हणजे आपलं विमल, तेही पुरुष. उलट संतोष हे आपल्याकडे पुरुषाचं नाव, पण एव्हरेस्ट दोनदा चढलेल्या हरियाणाच्या संतोष यादव या बाई आहेत. आपल्या राज्यातही फरक आहेत. शीतल म्हटलं की बहुतेकांना मुलगी वाटते. पण सांगली-कोल्हापूरकडच्या जैन घरांत शीतल नावाचे पुरुष भेटतात, कारण शीतलनाथ हे त्यांचे दहावे तीर्थंकर.

म्हणून नावं अभ्यासणारे दोन प्रकार वेगळे धरतात. किरणसारखी नावं एकाच गावात, एकाच काळी दोघांना ठेवली जातात. ती खरी सामाईक. कमल किंवा संतोष एका प्रदेशात बाईचं आणि दुसऱ्या प्रदेशात पुरुषाचं. त्या त्या गावात ते पक्कं असतं, फक्त बाहेरच्याला कळत नाही.

तिसरा प्रकार काळाचा आहे, आणि त्याचं उदाहरण आपल्या फार जवळचं आहे. 1827 साली जन्मलेल्या महात्मा फुल्यांचं नाव जोती. वाडी रत्नागिरीच्या जोतिबा देवावरून ते ठेवलं, असं चरित्रकार सांगतात. जोती, जोतीराव, जोतिबा ही पुरुषाचीच नावं. पुढे राव मागे पडला आणि शाळेच्या पुस्तकी मराठीतलं ज्योती हे रूप आलं. ज्योती म्हणजे दिव्याची ज्योत, आणि मराठीत ज्योत ती. मग हे नाव मुलींना ठेवलं जाऊ लागलं. आज आपल्याकडे ज्योती म्हटलं की मुलगीच डोळ्यांपुढे येते. बंगालमध्ये मात्र ते पुरुषांचं राहिलं. तिथे 1977 ते 2000 मुख्यमंत्री असलेले ज्योती बसू तुम्ही ऐकले असतील. नाव जवळजवळ तेच, पण एका प्रदेशात काळाबरोबर ते बाईकडे आलं आणि दुसऱ्यात आलं नाही.

आता नातीची पिढी. इथे नवा घोटाळा लिपीने केला आहे. देवनागरीत आर्य मुलगा आणि आर्या मुलगी, एका काना-मात्रेने काम भागतं. इंग्रजी अक्षरांत दोन्ही नावं बहुधा सारखीच लिहितात. कृष्ण आणि कृष्णा यांचंही तेच. बँकेचं पासबुक, आधार, शाळेचा ऑनलाइन अर्ज इंग्रजीत भरला की तो काना हरवतो, आणि पूर्वी जे काम बिन आणि कोम करत होतं ते करायला तिथे दुसरं काही नसतं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आधी आईचं, मग वडिलांचं नाव लिहायचं ठरलं आहे. आईचं नाव आलं ही चांगली गोष्ट, पण त्यावरूनही मूल मुलगा की मुलगी हे कळत नाही. ते सांगतो तो फक्त लिंगाचा रकाना.

चूक तिथेच होते. फॉर्म भरणारा समोरच्याला न विचारता नाव बघून रकाना भरतो. कमलबाईंच्या नावापुढे पुरुष, शीतलरावांच्या नावापुढे स्त्री. फक्त बायकांसाठी असलेल्या योजनेत कमलबाईंचा अर्ज मग अडकतो, आणि कारण काय ते त्यांना लवकर कळतही नाही.

म्हणून गटाच्या बैठकीत एकदा कागद काढून बसा. किरण, कमल, विमल, सुमन, शीतल, कृष्णा अशा नावाच्या ज्या असतील त्यांनी मतदार यादी आणि आधार यांतला लिंगाचा रकाना वाचून घ्यावा. वाचता येत नसेल तर शेजारणीकडून वाचून घ्यावा. मतदार यादीतली चूक नमुना 8 भरून दुरुस्त होते. आधारमध्ये लिंगाची दुरुस्ती एकदाच करता येते, म्हणून ती करताना यंत्रावरची नोंद नीट पाहूनच पावती घ्या. आणि नव्या बाळाचं नाव इंग्रजीत लिहिण्याआधी ते मराठीत काना-मात्रेसह जन्मदाखल्यावर नीट आलं आहे ना, हे तपासा.