रंगव्यवस्थापन प्रणाली (दूरचित्रवाणी संचाची)

लाल, हिरवा, निळा, निळसर-हिरवा, किरमिजी व पिवळा या सहा रंगांची छटा, संपृक्तता (रंगाची शुद्धता) आणि तेजस्विता स्वतंत्रपणे बदलणारी संचातील सोय. रंगीत चित्रपट घरच्या पडद्यावर यथातथ्य दिसायचा असेल, तर पडदा रेक. ७०९ या मानकाशी जुळावा लागतो. पांढरा व राखाडी रंग आधी बसवून मगच ही प्रणाली हाताळतात, कारण पांढरा बदलला की सर्व रंग सरकतात.

पडद्यावर टेकवलेला रंगमापक एचसीएफआर या मोफत संगणकप्रणालीला जोडून प्रत्येक रंगाचा चौकोन मोजतात. पांढऱ्याची तेजस्विता १०० निट असल्यास पूर्ण संपृक्त लालची सुमारे २१.३ निट, आणि त्याचे निर्देशांक x ०.६४०, y ०.३३० असावे लागतात. समजा x ०.६५५ व तेजस्विता १८ निट भरली, तर संपृक्तता कमी करून, छटा सुधारून तेजस्विता वाढवतात आणि पुन्हा मोजतात, कारण एक कळ फिरवली की उरलेल्या दोन मोजमापांत फरक पडतो. केवळ पूर्ण संपृक्त रंग जुळवण्यात फसगत होते. त्वचेचे रंग मध्यम संपृक्ततेचे असल्याने २५, ५० व ७५ टक्क्यांवरही तपासणी हवी. आकाशाच्या रंगछटांच्या चढउतारात पट्टे दिसू लागल्यास फेरबदल मागे घ्यावेत. पडद्याच्या मूळ क्षमतेपलीकडचा रंग या प्रणालीने मिळत नाही.