निद्रापूर्व नाडी

रात्री झोपण्यापूर्वी शांतपणे पडून मोजलेला नाडीचा दर. दिवसाचा ताण शरीरातून कितपत उतरला आहे, याचा त्यावरून अंदाज येतो. झोप लागताना प्राणेशा तंत्रिकेचा प्रभाव वाढतो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि शरीराचे तापमान उतरू लागते. उशिराचे जड जेवण, मद्य, झोपेच्या तोंडावरचा जोरकस व्यायाम, ताप किंवा मनाचा क्षोभ यांमुळे ही उतरण लांबते. मग झोप उशिरा लागते किंवा रात्रीचा पूर्वार्ध उथळ जातो.

मोजण्याची रीत : अंथरुणावर पाच मिनिटे उताणे पडून राहावे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर दोन बोटे हलकेच टेकवून पूर्ण साठ सेकंद ठोके मोजावेत. अंगठ्याने मोजू नये, कारण त्याचीच नाडी हाताला लागते. बसून मोजल्यास आकडा काहीसा जास्त येतो. म्हणून वेळ आणि स्थिती रोज तीच ठेवावी. पहिल्या दोन आठवड्यांच्या नोंदींचा मध्यक हा त्या व्यक्तीचा पाया मानावा. प्रौढांची विश्रांतीतली नाडी साधारण 60 ते 100 असते, पण दुसऱ्याच्या आकड्याशी तुलना करून काही हाती लागत नाही.

उदाहरण : नेसरी (ता. गडहिंग्लज) येथे भरतीसाठी पहाटे धावणाऱ्या एका तरुणाचा पाया 62 आहे असे समजू. लग्नघरी रात्री दहाला मटणाचे जेवण करून तो अकराला आडवा झाला आणि नाडी 72 भरली. दुसऱ्या दिवशी साडेसातला जेवल्यावर ती 63 वर आली, तर कारण बहुधा त्या उशिराच्या जेवणातच होते. मात्र लवकर जेवूनही ती 72 राहिली आणि घसाही दुखत असेल, तर आधी तापमापी लावावी. ताप एक अंश सेल्सिअसने वाढला की नाडी सुमारे दहाने वाढते. अशा वेळी पहाटेची वेगाची धाव टाळून हलके चालावे. तीन-चार ठोक्यांचा फरक मात्र नेहमीच्या चढउतारातला असतो, त्यावरून बेत बदलू नयेत.

मर्यादा : मंद नाडी म्हणजे चांगली झोप असे नाही. घोरताना श्वास अडकण्याचा विकार झोप लागल्यावरच प्रकट होतो, आधीच्या मोजणीत तो दिसत नाही. बीटारोधक औषधे घेणारे, कृत्रिम गतिकारक बसवलेले आणि अनियमित ठोक्यांचे रुग्ण यांना हे मोजमाप लागू पडत नाही. मासिक चक्राच्या उत्तरार्धात नाडी थोडी वाढते. दुसऱ्या दिवसाच्या तयारीसाठी क्रीडाप्रशिक्षक परंपरेने सकाळी उठताक्षणीची नाडी पाहत आले आहेत; रात्रीची नाडी तिची जागा घेते असे म्हणता येत नाही.

इतिहास : सर जॉन फ्लॉयर यांनी 1707 मध्ये नाडी मोजण्याच्या घड्याळावर ग्रंथ लिहिला. आयुर्वेदातील नाडीपरीक्षा सकाळी, रिकाम्या पोटी करतात.

प्रसार : अलीकडे अमेरिकी उद्योजक ब्रायन जॉन्सन यांनी या मोजणीचा आग्रहाने पुरस्कार केला आहे.