पिसलेला कॅट, जागचे न हललेले पत्ते

१५८४ साली रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने ‘द डिस्कव्हरी ऑफ विचक्राफ्ट’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. चेटकीण ठरवून स्त्रियांना फासावर चढवले जाण्याचा तो काळ. ज्याला लोक सैतानी शक्ती समजतात, त्यातील बरेचसे निव्वळ हातचलाखी असते, हे दाखवण्यासाठी स्कॉटने जादूगारांच्या युक्त्याच छापून टाकल्या. पत्त्यांविषयी त्याने सांगितलेले मर्म असे: चपळाईने पिसावे, पण एक ठरावीक पत्ता तळाशी किंवा आपल्याला ठाऊक असलेल्या जागी राखावा.

या मर्माचे शास्त्र झाले ते १९०२ मध्ये, शिकागोत. ‘द एक्स्पर्ट अ‍ॅट द कार्ड टेबल’ या पुस्तकावर लेखकाचे नाव एस. डब्ल्यू. अर्डनेस असे आहे. ते टोपणनाव होते आणि त्यामागचा माणूस कोण, यावर आजही एकमत नाही. त्यातील एक खोटी पिसणी पाहू.

समजा, कॅटच्या वरच्या भागातील पत्ते क्रमाने लावलेले आहेत. उजव्या हाताने खालचे सुमारे २६ पत्ते काढून घ्यायचे. लावलेले २६ डाव्या हातात राहतात. आता उजव्या हातातील पहिला पत्ता त्यांच्यावर टाकताना तो किंचित आपल्या अंगाकडे सरकलेला ठेवायचा. त्यावर उरलेले पत्ते खरोखर पिसायचे. मग त्या सरकलेल्या पत्त्याखालचा सगळा गठ्ठा उचलून वर टाकायचा. लावलेले २६ पत्ते जसेच्या तसे माथ्यावर परत! पत्ता फार बाहेर आला तर चोरी दिसते. फार कमी आला तर बोटाला तो सापडत नाही.

प्रेक्षक फसतो, कारण त्याने पाहिलेले बरेचसे खरेच असते. निम्मे पत्ते सचोटीने पिसले गेलेले असतात. शेवटी एकदम पडणारा गठ्ठा संशयास्पद म्हणावा, तर घरी पत्ते पिसणारेही कंटाळून शेवटचा गठ्ठा असाच टाकतात. शिवाय सर्व पाठी सारख्या. डोळ्यांना हालचाल दिसते, क्रम दिसत नाही.

खोट्या काटणीत तर याहून कमी लागते. गठ्ठा वरून उचलल्याचा आव आणून प्रत्यक्षात खालचा अर्धा भाग बाहेर ओढायचा, तो आधी टेबलावर ठेवायचा आणि उरलेला त्यावर. क्रम मूळचाच राहतो. (गंमत म्हणजे खरी काटणीसुद्धा काहीच मिसळत नाही. पत्ते वर्तुळात मांडले आहेत असे माना. काटल्याने फक्त सुरुवातीची जागा बदलते.)

खऱ्या पिसणीवरचा आपला विश्वासही अवाजवीच आहे. डेव्ह बेयर आणि पर्सी डायकोनिस यांनी १९९२ मध्ये गणिताने दाखवले की, दोन भाग एकमेकांत गुंफण्याच्या पद्धतीने ५२ पत्ते नीट मिसळायला सुमारे ७ वेळा पिसावे लागतात. आपण दोन-तीनदा पिसून वाटायला घेतो. हा डायकोनिस चौदाव्या वर्षी घर सोडून डाय व्हर्नन या जादूगाराबरोबर भटकायला निघाला होता, आणि व्हर्ननला अर्डनेसचे पुस्तक जवळजवळ मुखोद्गत होते.