उशिरा पोचलेला समाचार

परदेशात मृत्यूची बातमी उशिरा कळते, ही अडचण आगबोटींपेक्षा जुनी आहे. काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी पंढरपुरात अठराव्या शतकाच्या अखेरीस रचलेल्या ‘धर्मसिंधू’त तिच्यासाठी स्वतंत्र हिशेब दिला आहे. दहा दिवसांच्या आत बातमी कळली तर सुतकाचे उरलेले दिवसच पाळायचे. दहा दिवस उलटून तीन महिन्यांच्या आत कळली तर तीन रात्री. त्याहून उशीर झाला की सुतक आणखी घटते आणि शेवटी नुसत्या स्नानावर भागते. आईवडिलांच्या बाबतीत मात्र ही सूट नाही. वर्षाने कळले तरी मुलाला बातमीच्या दिवसापासून पूर्ण दहा दिवस सुतक. शास्त्रकारांना माणसाचा स्वभाव ठाऊक असावा.

हा हिशेब नात्यातल्यांचा झाला. नात्यात नसणाऱ्यांनी काय करायचे?

डॉ. आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात वारल्या, बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. ज्यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार 1880 पासून चालू होता आणि ज्यांना त्या मावशी म्हणत, त्या थिओडिशिया कार्पेंटरबाई न्यू जर्सीतल्या रोझेल गावी होत्या. टपाल मुंबईहून सुएझमार्गे विलायतेला आणि तिथून पुन्हा अटलांटिक ओलांडून जायचे, म्हणजे महिनाभराचा प्रवास. तार लवकर पोचे, पण तिचे दर शब्दागणिक असत. तारेने मृत्यू कळवता येई, सांत्वन पत्रानेच करावे लागे. ते पुण्याला पोचेपर्यंत तेरावा कधीच उलटलेला असणार. समाचाराला येऊन ओसरीवर मुकाट बसण्याची आपली रीत त्या कागदात कशी मावणार?

अमेरिकेतल्या ओळखीच्यांनी आपापली वाट काढली. पंडिता रमाबाई तेव्हा अमेरिकेतच होत्या. त्यांच्या ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ या पुस्तकाला आनंदीबाईंच्या कॉलेजच्या डीन रेचल बॉडली यांनी प्रस्तावना लिहिली, आणि तिचा मोठा भाग आपल्या विद्यार्थिनीच्या आठवणीला दिला. कॅरोलाइन डॉल यांनी 1888 साली चरित्र प्रसिद्ध केले. ही खरे तर दुखवट्याचीच लांबलेली पत्रे, फक्त पत्ता साऱ्या जगाचा.

गोपाळरावांनी मात्र उलट टपाल केले. त्यांनी पत्नीच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या. त्या काळच्या पुण्यात गंगेला किंवा नाशिकला जाणाऱ्या अस्थी समुद्र ओलांडून ख्रिस्ती दफनभूमीत जाव्यात, हे किती जणांना रुचले असेल! कार्पेंटरांनी त्या पकिप्सी येथील आपल्या कुटुंबाच्या जागेत पुरल्या आणि वर आनंदीबाईंच्या नावाचा दगड बसवला. अंत्ययात्रेला येऊ न शकलेल्या मावशीला अशा रीतीने आपल्या हाताने माती देता आली.

आज बातमी मिनिटात पोचते. धर्मसिंधूची सूट परदेशस्थाला आता क्वचितच लागू होते. फोन कुणीतरी तिरडीसमोर धरतो, पलीकडे मध्यरात्र असते, आणि दहाही दिवस पुरे भरतात.